अर्थ पाठ आहे, तरी वाक्य चुकतं: 'सजेस्ट', 'डिस्कस', 'डिमांड'ची नेहमीची तक्रार आणि डिक्शनरीत तिचा इलाज

चोपड्यात संध्याकाळी मी इंग्रजीचे वर्ग घेतो. दरवर्षी नवी मुलं येतात, तक्रार मात्र तीच असते. "सर, शब्दाचा अर्थ मी बघितला होता. मग वाक्य कसं काय चुकलं?" या तक्रारीत खोटं काही नसतं. पोराने खरंच शब्द बघितलेला असतो. फक्त डिक्शनरीत जिथे उत्तर होतं, तिथपर्यंत त्याची नजर गेलेली नसते.

यंदाचा किस्सा सांगतो, कारण एकाच मेलमध्ये चारही दुखणी सापडली. वर्गातल्या एका पोराच्या घरी तापीकाठी केळीची बाग आहे. माल निर्यातीला द्यायचा म्हणून त्याने मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या ऑफिसला मेल केला. प्रत्येक शब्द मोबाईलवर मराठीतून इंग्रजीत बघून बसवला होता. तीन वाक्यं होती. माय अंकल सजेस्टेड मी टू डिस्कस अबाउट द रेट विथ यू. आय डिमांड सम अ‍ॅडव्हान्स. प्लीज गिव्ह मी युवर अ‍ॅडव्हाइसेस अबाउट पॅकिंग.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन आला. तिकडचा माणूस जरा घुश्शातच बोलला, की माल अजून बघितला नाही आणि तुम्ही अ‍ॅडव्हान्स डिमांड करता? पोरगा गडबडून माझ्याकडे आला. "सर, मी तर फक्त मागितला होता."

त्याचा मोबाईल घेऊन बघितलं. त्याने 'सुचवणे' टाकलं, 'सजेस्ट' आलं. 'चर्चा करणे' टाकलं, 'डिस्कस' आलं. 'मागणे' टाकलं, 'डिमांड' आलं. 'सल्ला' टाकला, 'अ‍ॅडव्हाइस' आलं. चारही प्रतिशब्द बरोबर होते आणि तीनही वाक्यं चुकली होती.

बिघाड नेमका कुठे

प्रतिशब्द म्हणजे शब्दाचं नाव. तो शब्द वाक्यात कोणाच्या शेजारी बसतो, कोणाला सोबत घेतो, कोणाला घेत नाही, हे नावावरून कळत नाही. नाव इंग्रजी मिळालं की आपण बाकीची सगळी बसायची सोय मराठीची करून देतो, आणि तिथेच घोटाळा होतो.

'मामाने मला सुचवलं' यातला 'मला' बघा. घरी अहिराणी बोलणारा पोरगा 'माले' म्हणतो, शाळेत 'मला' लिहितो, आणि इंग्रजीत आला की त्याच जागी 'मी' चिकटवतो. तिन्ही ठिकाणी त्याला एकच माणूस दिसतो, ज्याला काहीतरी सुचवलं गेलं. 'टोल्ड मी', 'आस्क्ड मी', 'अ‍ॅडव्हाइज्ड मी' हे सगळं चालतं, म्हणून 'सजेस्टेड मी' पण चालेल असं वाटणं साहजिक आहे. चालत नाही. आणि ते का चालत नाही, हे इंग्रजी-मराठी डिक्शनरीतल्या एका शब्दाच्या उत्तरात कुठेच लिहिलेलं नसतं.

ते लिहिलेलं असतं लर्नर्स डिक्शनरीत, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्या परभाषिकांसाठी केलेल्या इंग्रजी-इंग्रजी कोशात. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन या तिघांचे असे कोश मोबाईलवर फुकट उघडतात. गूगलवर नुसता शब्द टाकू नका, वरची भाषांतराची चौकट डोळ्यात भरते आणि बोट तिथेच थांबतं. थेट त्या कोशाच्या पानावर जाऊन शब्द शोधा.

मुलं याला घाबरतात. म्हणतात, इंग्रजी शब्दाचा अर्थ इंग्रजीतच दिला तर मला कळणार कसा? हा प्रश्न आपल्याआधी फार जुन्या मास्तरांनी सोडवून ठेवलाय. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणाधिकारी ढाक्याला होते, बंगाली मुलांना इंग्रजी वाचताना अडखळताना त्यांनी बघितलं. 1935 साली त्यांनी असा कोश काढला की त्यातल्या सगळ्या व्याख्या फक्त 1,490 सोप्या शब्दांत लिहिलेल्या होत्या. पुढे लाँगमनने 1978 च्या कोशात साधारण 2,000 शब्दांची मर्यादा पाळली. म्हणजे सांगायचं काय, तर व्याख्येतले शब्द मुद्दाम निवडलेले असतात. आठवी-नववीचं इंग्रजी ज्याला बरं येतं त्याला त्या वाचता येतात. पाच शब्दांच्या व्याख्या वाचून बघा. प्रत्येकीत दोन-तीन ठिकाणी अडकायला झालं तर तुम्ही मोठा कोश उघडलाय, त्याच घरचा खालच्या पातळीचा कोश घ्या.

आता त्या मेलकडे वळू.

'सजेस्टेड मी': शब्दाचा साचा बघितला नाही

लर्नर्स डिक्शनरीत 'सजेस्ट' उघडला की व्याख्येच्या आसपास जाड अक्षरात काही तुकडे दिसतात. पोरं त्यांना ओलांडून जातात, कारण ते अर्थासारखे दिसत नाहीत. तेच तर हवे असतात. थोडक्यात ते असे असतात:

```
suggest (that) ...
suggest doing sth
suggest sth to sb
```

यात `sth` म्हणजे वस्तू, गोष्ट, कल्पना. `sb` म्हणजे माणूस. काही कोश हे दोन्ही शब्द पूर्ण लिहितात, काही असे आखडून. एवढं कळलं की साचा वाचता येतो. 'सजेस्ट'च्या लगेच मागोमाग तिन्ही ओळींत माणूस कुठेच नाही. माणूस आलाच तर शेवटी, आणि तोही 'टू'चा हात धरून. 'सजेस्टेड मी टू' हा साचा या यादीत नाही, म्हणजे तो इंग्रजीत नाही. अशी यादी वाचताना 'काय आहे' याच्याइतकंच 'काय नाही' हेही बघायचं असतं, हे मुलांना पहिल्यांदा सांगितलं की ती जरा चमकतात.

पण नुसता साचा पाठ करून उपयोग नाही, तो चार दिवसांत विसरतो. तो तसा का आहे हे व्याख्या सांगते. 'सजेस्ट'च्या व्याख्येचा गाभा साधारण असा, की दुसऱ्यांनी विचार करावा म्हणून एखादी कल्पना किंवा बेत पुढे ठेवणे. इथे पुढे काय ठेवलं जातं? कल्पना. म्हणजे क्रियापदाला लागून कल्पनाच येणार, ती कोणापुढे ठेवली ते मागाहून. आपणही ओट्यावर ताट ठेवताना आधी ताट हातात घेतो, पाहुणा कोण ते नंतरचं.

पोराला म्हटलं, आता वाक्य नीट कर. त्याने लिहिलं: माय अंकल सजेस्टेड डिस्कसिंग द रेट. व्याकरण बरोबर. पण उदाहरणवाक्यं अजून दोन वाचायला लावली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की 'सजेस्टेड गोइंग बाय कार' अशा वाक्यात बहुतेक वेळा सुचवणाराही सोबत जाणार असतो. मामा काही मुंबईशी बोलणार नव्हता, बोलणार होता भाचा. मग दुसरा साचा घेतला: माय अंकल सजेस्टेड दॅट आय डिस्कस द रेट. हा फरक कुठल्याही व्याख्येत शब्दांत लिहिलेला नव्हता, तो उदाहरणांत होता. म्हणून मी एक उदाहरण वाचून थांबू देत नाही.

जाता जाता, या साच्यात 'आय'च्या जागी 'ही' आला तर 'ही डिस्कस' असंच राहतं, 'डिस्कसेस' होत नाही. 'ही शुड डिस्कस' हेही चालतं आणि आपल्याकडे ते जास्त ओळखीचं वाटतं. ज्याला भीती वाटते त्याने 'शुड' वापरावं.

'डिस्कस अबाउट': व्याख्या बसवून बघितली नाही

ही चूक शिक्षकांच्या तोंडूनही येते, मीही वर्षानुवर्षं केली आहे, त्यामुळे पोरांवर ओरडायचा अधिकार मला नाही.

तिच्यासाठी एक सोपी चाचणी आहे. व्याख्या उचलायची आणि आपल्या वाक्यात त्या शब्दाच्या जागी बसवायची. 'डिस्कस'ची व्याख्या असते 'टॉक अबाउट समथिंग विथ समबडी', कोशागणिक शब्द थोडे इकडेतिकडे. आता पोराच्या वाक्यात ती बसवू. 'डिस्कस अबाउट द रेट' याचं झालं 'टॉक अबाउट अबाउट द रेट'. दोनदा 'अबाउट'. म्हणजे 'अबाउट' हा शब्दाच्या पोटातच आहे, बाहेरून परत लावायची गरज नाही. फळ्यावर हे लिहिलं की वर्गात हसू येतं, आणि त्या हसण्यामुळेच ते लक्षात राहतं.

पण 'अबाउट' येतो कुठून? मराठीत 'चर्चा करणे' हे क्रियापद खरं तर 'चर्चा' या नामाला 'करणे' जोडून झालेलं आहे. भावाबद्दल चर्चा करू. 'बद्दल' त्या नामाला लागून येतो. गंमत म्हणजे इंग्रजीतही नामाला तो लागतो, 'डिस्कशन अबाउट द रेट' अगदी बरोबर आहे. आपण क्रियापद वापरतो आणि सवय नामाची लावतो. 'डिस्कस' आणि 'डिस्कशन' या दोन नोंदी कोशात एकाखाली एक येतात. दोन्ही उघडून त्यांची उदाहरणं शेजारी शेजारी ठेवा, दोन मिनिटांत कोडं सुटतं.

आणि ज्याला एवढंही करायचं नाही त्याच्यासाठी चौकट असते. लर्नर्स डिक्शनरीत नोंदीच्या मध्येच किंवा खाली रंगीत पट्टीत टीप येते, ऑक्सफर्डमध्ये तिच्यावर `Grammar Point` किंवा `Which Word?` असं काहीतरी लिहिलेलं असतं, लहान टिपा नोंदीतच दडलेल्या असतात. 'डिस्कस'मागे 'अबाउट' लावू नका, 'सजेस्ट'मागे थेट माणूस लावू नका, असं तिथे सरळ बजावलेलं सापडतं. या टिपा उगाच दिलेल्या नसतात. जगभरची शिकणारी मुलं जिथे घसरतात तिथेच ती पट्टी मारलेली असते. म्हणजे एखाद्या शब्दाखाली टीप दिसली, तर समजायचं की हा शब्द अडवणारा आहे, इथे पाय जपून टाका. टीप न वाचता पुढे जाणं म्हणजे घाटातला वळणाचा बोर्ड न बघता गाडी हाकणं.

'आय डिमांड': अर्थ घेतला, जोर घेतला नाही

फोन ज्या शब्दामुळे आला तो हा. आणि इथे साच्यात काही चूक नव्हती. 'डिमांड सम अ‍ॅडव्हान्स' व्याकरणाने शुद्ध आहे. पोराला वाटतं, व्याकरण शुद्ध म्हणजे काम झालं.

व्याख्या वाचताना मी मुलांना एक काम देतो. त्यातला क्रियाविशेषण शोधा, म्हणजे 'कसं' ते सांगणारा शब्द. 'डिमांड'च्या व्याख्येत 'आस्क फॉर' असतंच, पण त्याच्यापाठी 'ठामपणे', 'जोर लावून' अशा अर्थाचा शब्द असतो. केंब्रिजची व्याख्या तर आणखी पुढे जाते, की समोरचा नाही म्हणणार नाही असं गृहीत धरून मागणं. आपल्या मोबाईलने 'मागणे' एवढंच उचललं आणि जोर गाळून टाकला. मराठीत 'मागणे' हा फार गरीब शब्द आहे, देवाकडेही मागतो, उसनी साखरही मागतो आणि हक्कही मागतो. इंग्रजीने या कामांची वाटणी केलेली आहे.

शिवाय आपल्या कानात 'डिमांड' वेगळाच बसलेला असतो. बाजारात केळीला डिमांड आहे म्हणतो, तेव्हा तो आनंदाचा शब्द असतो. कोशात नाम आणि क्रियापद या दोन वेगळ्या नोंदी असतात. नामाच्या नोंदीत मालाची मागणी सापडेल. क्रियापदाच्या नोंदीत उदाहरणं वाचा, म्हणजे कळेल कोण डिमांड करतं: संपावरचे कामगार, चिडलेला ग्राहक, चौकशीला आलेला अधिकारी. या रांगेत केळी विकायला निघालेला पोरगा उभा आहे का, एवढंच स्वतःला विचारायचं.

"मग काय लिहू?"

"नोंदीत खाली बघ, जवळचे शब्द एकत्र दिलेत का."

एका कोशात 'आस्क'च्या नोंदीखाली मागण्याचे शब्द एकत्र सापडले, 'रिक्वेस्ट' त्यातच होता आणि तो औपचारिक आहे अशी खूणही होती. व्यवहाराच्या मेलला तो बरा. पण आम्ही शेवटी त्याहून साधं केलं: वुड इट बी पॉसिबल टू गेट सम अ‍ॅडव्हान्स? यात मागणं आहे आणि दार उघडं आहे. हे वाक्य 'पॉसिबल'च्या उदाहरणांतून उचललं, फक्त शेवटचे शब्द बदलले. उदाहरणवाक्य असं वापरायचं असतं. सांगाडा त्यांचा ठेवायचा आणि एक-दोन शब्द आपले घालायचे. चार शब्द बदलले की पुन्हा मराठी शिरतं.

'अ‍ॅडव्हाइसेस': एका अक्षराकडे दुर्लक्ष

हे लवकर आटपतो. 'अ‍ॅडव्हाइस'समोर कोशात U असं अक्षर असतं, काही कोशांत पूर्ण शब्द. म्हणजे हे नाम मोजता येत नाही, त्याला बहुवचनाचा एस लागत नाही आणि आधी 'अ‍ॅन'ही नाही. C असेल तर मोजता येतं. आपण सल्ला, सल्ले म्हणतो म्हणून एस आला. उलट 'माहिती'चं मराठीतही कोणी 'माहित्या' करत नाही, तरी मुलं 'इन्फर्मेशन्स' लिहितात, तेव्हा सगळा दोष मराठीवरही टाकता येत नाही.

लक्षात ठेवण्यासारखी बारीक गोष्ट एकच. हे अक्षर शब्दाला नसतं, त्या शब्दाच्या त्या त्या अर्थाला असतं. 'पेपर' म्हणजे कागद तेव्हा U, 'पेपर' म्हणजे वर्तमानपत्र किंवा परीक्षेचा पेपर तेव्हा C. पहिल्या अर्थासमोरचं अक्षर वाचून तिसऱ्या अर्थाला लावलं की पुन्हा चूक. आधी आपला अर्थ क्रमांकाने पक्का करायचा, मग त्याच ओळीतलं अक्षर घ्यायचं.

दुरुस्ती झाली हे कसं ओळखायचं

पोराने वहीत 'सजेस्ट म्हणजे सुचवणे' असं लिहिलेलं होतं. ती ओळ खोडायला लावली नाही, तिच्यापुढे भर घालायला लावली: साचा, आणि स्वतःच्या घरचं एक वाक्य. त्याने लिहिलं की बाबांनी ठिबक बदलावं असं मी सुचवलं, 'आय सजेस्टेड दॅट माय फादर शुड चेंज द ड्रिप'. आता हे वाक्य त्याचं झालं, पुस्तकाचं राहिलं नाही.

तीन दिवसांनी वही बंद ठेवून मी मराठी वाक्य सांगतो, तो इंग्रजीत लिहितो. मग कोश उघडून पूर्ण वाक्य नाही, फक्त त्या शब्दाच्या लगेच पुढचे दोन शब्द उदाहरणाशी जुळवतो. तिथे जुळलं तर शब्द आला. नाही जुळलं तर अर्थ पाठ झालाय, शब्द नाही. सगळी परीक्षा त्या दोन शब्दांची आहे.

वेळ किती जातो? एका शब्दाला नीट चार-पाच मिनिटं. म्हणून प्रत्येक शब्दासाठी हे करायचं नाही. वाचताना अडलात तर मराठी अर्थ बघा आणि पुढे चला, त्यात कमीपणा नाही. हा सगळा उद्योग ज्या शब्दाने तुम्हाला स्वतः वाक्य लिहायचं आहे त्याच्यासाठी, आणि त्यातही क्रियापदांसाठी आधी. त्या मेलमध्ये चारपैकी तीन चुका क्रियापदांच्याच होत्या, माझ्या वर्गातल्या बहुतेक वह्यांमध्ये प्रमाण असंच असतं.

एवढं करूनही अडलं तर

बहुतेक वेळा कारण एकच निघतं, पहिला अर्थ वाचून नोंद बंद केलेली असते. लांब नोंदीत कोश प्रत्येक अर्थाच्या डोक्यावर एक-दोन शब्दांची पाटी लावतात. व्याख्या वाचायच्या आधी फक्त त्या पाट्या वरपासून खालपर्यंत वाचा आणि आपलं घर सापडलं की तिथेच उतरा.

पण काही वेळा दोष वाचणाऱ्याचा नसतो, कोशाची हद्दच तिथे संपते. वांग्याचं बघा. 'ब्रिंजल' शब्द लर्नर्स डिक्शनरीत सापडतो, 'भारतीय इंग्रजी' अशी खूण लावून, आणि ती खूण उपयोगाची आहे, कारण लंडनला 'ऑबर्जिन' आणि अमेरिकेत 'एगप्लांट' म्हणावं लागतं हे तिच्यावरून कळतं. पण व्याख्या वाचली तर चकचकीत जांभळ्या सालीची भाजी असं काहीतरी मिळतं. भरिताचं हिरवट-पांढरं, हातभर वांगं ज्याने तुऱ्हाट्यांवर भाजलंय तो ही व्याख्या वाचून म्हणेल, हे आमचं नव्हेच. झाड, भाजी, पक्षी, अवजार अशा दिसणाऱ्या वस्तूंना सरळ मराठी प्रतिशब्दच बरा. तिथे दोन ओळींची व्याख्या वाचत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

धंद्यातल्या शब्दांचंही तसंच. आमचा दुरुस्त मेल गेला, आणि या वेळी फोनऐवजी मेलनेच उत्तर आलं, नरम भाषेत. भाव, पॅकिंग सगळं होतं, आणि एक प्रश्न होता: हाऊ मेनी हँड्स पर बंच?

पोराने शिकवल्याप्रमाणे सगळं केलं. 'बंच' उघडला. एकत्र वाढलेल्या किंवा एकत्र बांधलेल्या वस्तूंचा जुडगा, उदाहरणांत फुलं, किल्ल्या, द्राक्षं, केळी. ठीक. 'हँड' उघडला. हात, घड्याळाचा काटा, पत्त्यांचा डाव, मदत. पाट्या वरून खाली वाचल्या, दोनदा. केळीच्या जुडग्यात हात कुठून आला ते काही कळेना. माझ्याकडे आला, मलाही सांगता येईना. दुकानातल्या इंग्रजीत 'बंच' म्हणजे पिशवीत टाकून घरी नेतो ती पाच-सहा केळी, हे मला ठाऊक होतं, आणि त्यात हात मोजायचे कसे?

रात्री त्याने वडिलांना प्रश्न नुसता वाचून दाखवला. वडील सातवी शिकलेले, पण पॅकहाउसवर माल भरताना त्यांनी हे शब्द शंभरदा ऐकलेले. झाडावरचा अख्खा घड तो 'बंच', घडाची एकेक फणी ती 'हँड', आणि फणीतलं एकेक केळ म्हणजे 'फिंगर'. ते म्हणाले, "पंजाच तर दिसतो ना फणीचा. लिही, आठ-नऊ."